एकाच शीटमधून अख्खं गोदाम

व्हिडिओ गेममधल्या गोदामात लोखंडी पेट्या, जनरेटर, पाइप, विजेचे खोके अशी बरीच अडगळ असते. या वस्तूंचे आकार संगणकावर त्रिमितीत घडवलेले असतात, पण रंग, खिळे आणि ओरखडे येतात ते त्यांच्यावर चढवलेल्या सपाट चित्रांतून. या चित्रांना टेक्स्चर म्हणतात आणि एका वस्तूला अशी साधारण तीन लागतात. 2048 पिक्सेल लांबी-रुंदीचं एक चित्र, आजच्या नेहमीच्या पद्धतीने दाबून बसवलं तरी, दूरवरून पाहण्यासाठीच्या लहान प्रतींसह पाच एमबीच्या वर जातं. म्हणजे वस्तूमागे 16 एमबी. वीस वस्तूंना स्वतंत्र चित्रं दिली, तर नुसत्या अडगळीपायी 320 एमबी खर्ची पडतात.

ट्रिम शीट हा खर्च पुन्हा 16 एमबीवर आणते. एका चित्रात आडव्या पट्ट्या आखायच्या: एक रुंद पत्र्याची, एक अरुंद चौकटीची, एक जाळीची, एक रबरी कडेची. प्रत्येक पट्टीचं उजवं टोक डाव्या टोकाशी बेमालूम जुळतं, त्यामुळे ती लांबीच्या दिशेने हवी तितकी पसरते. कापडाच्या ठाणातून लागेल तेवढा काठ कापून घ्यावा, तसा वस्तूचा प्रत्येक पृष्ठभाग आपल्या मापाची पट्टी उचलतो. वस्तू घडवण्याआधी पट्ट्यांची मापं पक्की करणं, ही यातली खरी शिस्त. आधी वस्तू आणि मग पट्टी असा क्रम धरला, तर चित्र ताणलं जातं आणि खिळे लंबगोल दिसायला लागतात.

एक पेटी घेऊ. एका मीटरला 512 पिक्सेल असं प्रमाण धरलं, तर शीटची बाजू चार मीटरची झाली. त्यात पत्र्याची पट्टी 512 पिक्सेल, म्हणजे एक मीटर उंच. चौकटीची 64 पिक्सेल, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. आता पेटीची उंची सव्वा मीटर ठेवायची: मधे पत्रा, वर-खाली चौकट. उभ्या कडांवर तीच चौकटीची पट्टी काटकोनात फिरवून लावायची. पेटी अडीच मीटर लांब असो वा सहा, नवं चित्र लागत नाही.

कडांचं काय? खरं लोखंड कडेला किंचित गोलसर असतं आणि तिथे उजेडाची बारीक रेघ चमकते. गेममधली साधी पेटी मात्र धारदार कडांची, म्हणून कागदी वाटते. 2014 साली आलेल्या ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’ या गेमच्या चमूतले मॉर्टन ओल्सन यांनी 2015 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यावरचा उपाय मांडला, आणि मला तो या सगळ्या तंत्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो. तीन चित्रांपैकी नॉर्मल मॅप हे चित्र, पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे, हे प्रकाशाला सांगतं. पट्टीच्या वरच्या-खालच्या काठाचे काही पिक्सेल त्यात 45 अंशांनी बाहेर कलवून ठेवायचे. दोन बाजू काटकोनात भेटल्या की दोन्हींचे काठ एकाच दिशेला पाहतात, सांधा विरतो आणि कड गोल भासते.

अट एवढीच की कोन काटकोनच हवा. 120 अंशांच्या कडेवर दोन्ही काठांची दिशा जुळत नाही आणि मधे रेघ उमटते. त्या कडेवर सॉफ्टवेअरची गुळगुळीत छटाही बंद ठेवावी लागते, नाहीतर कल दोनदा लागून पत्र्यावर मळकट सावली पसरते. गोलाईऐवजी कड आत दबल्यासारखी दिसली, तर आधी नॉर्मल मॅपची हिरवी वाहिनी तपासावी. काही प्रणालींत ती उलटी वाचली जाते.

दुसरी खोड दुरून कळते. वस्तू लांब गेली की गेम चित्राची लहान प्रत वापरतो. तिच्यात शेजारच्या पट्ट्यांचे रंग मिसळतात आणि करड्या पेटीच्या कडेला पिवळी झाक येते. म्हणून दोन पट्ट्यांमध्ये आठ-सोळा पिक्सेलची मोकळी जागा सोडून तिथे त्याच पट्टीचा रंग पुढे ओढून ठेवतात. गंजाचे ओघळ शीटवर रंगवण्याचा मोह मात्र टाळावा: पट्टी फिरवली की ओघळही आडवे वाहू लागतात. डाग, धूळ आणि ओल वस्तूच्या शिरोबिंदूंना दिलेल्या रंगांवरून वरून चढवलेली बरी.

आणि बाह्यरेषा? ती टोकदारच राहते, कारण गोलाई फक्त प्रकाशात आहे, आकारात नाही. खेळाडू जिच्याजवळ थांबून निरखणार, अशा वस्तूची कड खरोखर तासून घ्यावी. त्याच्या हातातल्या बंदुकीला तर स्वतंत्र टेक्स्चरच द्यावं. तिच्यावरचा ओरखडा शेजारच्या जनरेटरवरही दिसला, तर चोरी लगेच पकडली जाते.