नाकातला कूलर आणि सुपाएवढे कान

नागपूरहून मुंबईला बिऱ्हाड हलवताना बरेच जण घरचा कूलरही ट्रकमध्ये चढवतात. पहिल्याच मे महिन्यात त्यांच्या लक्षात येतं, की तिकडे खोली थंडगार करणारं हे यंत्र इथे फक्त घोंघावतं आणि भिंतींना ओल आणतं. यंत्र तेच, पाणीही तेच असतं. बदललेली असते ती हवा. नागपूरच्या कोरड्या हवेला पाण्याची तहान असते, मुंबईची हवा आधीच भिजलेली असते.

कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हा तो असाच एक कूलर चालवत असतो. तो कूलर त्याच्या नाकात बसवलेला असतो.

माणसाला ही सोय अंगभर मिळाली आहे. आपल्या कातडीतल्या लाखो घर्मग्रंथी पाणी बाहेर टाकतात, ते वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. तेवढंच पाणी नुसतं एका अंशानं तापवायला एक कॅलरी पुरते. माठातलं पाणी थंड राहतं ते याच हिशेबानं. कुत्र्याच्या अंगावर मात्र केस आहेत. केसांखाली घाम आला तरी तो वाळणार कसा? शरीर थंड करणाऱ्या घर्मग्रंथी त्याला आहेत, पण त्या पंजांच्या गाद्यांमध्ये. डॉक्टरांच्या टेबलावर घाबरलेल्या कुत्र्याच्या पावलांचे ओले ठसे उमटतात ते या घामाचे. एवढ्याशा जागेतून सबंध अंग निवणं शक्य नाही. म्हणून ओला पृष्ठभाग कातडीऐवजी नाकातोंडात आला.

कुत्र्याचं नाक बाहेरून दिसतं त्याहून आत बरंच मोठं असतं. त्यात कागदाच्या सुरळ्यांसारखी पातळ हाडं गुंडाळून बसलेली असतात आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेलं ओलं अस्तर असतं. कूलरच्या जाळीत गवत ठासलेलं असतं ना, तसंच. हवेला जास्तीत जास्त ओल्या पृष्ठभागावरून जायला लावायचं, हा दोन्हीकडचा हेतू. या अस्तराला सतत पाणी पुरवण्याचं काम नाकाच्या बाजूला असलेली एक ग्रंथी करते. हवा तापली की तिचा पाझर वाढतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1972 मध्ये दाखवून दिलं.

त्याआधी दोन वर्षं, 1970 मध्ये, प्राणी आणि उष्णता या विषयाचे जाणकार क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. धापा टाकताना जीभ बाहेर लोंबते, म्हणून आपल्याला वाटतं की कुत्रा तोंडानंच श्वास घेतो. प्रत्यक्षात हवा प्रामुख्यानं नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर पडते. यामागे नेमकं कारण आहे. आत येताना हवा नाकातल्या अस्तरावरून जाते, तिथलं पाणी शोषते आणि अस्तर थंड करते. तीच हवा नाकातून परत गेली, तर त्या थंड झालेल्या अस्तरावर वाफेचं पुन्हा पाणी होईल आणि सोडलेली उष्णता परत मिळेल. थंडीत हे फायद्याचं असतं. उन्हाळ्यात मात्र उष्णता बाहेर घालवायची असते, म्हणून परतीचा रस्ता तोंडातून. उकाडा कमी असेल तेव्हा कुत्रा नाकातूनच श्वास सोडतो आणि उकाडा वाढेल तसा तोंडाचा वाटा वाढवत नेतो. आपण नळाची तोटी कमी-जास्त फिरवतो, तसा हा प्रकार.

आता धापांच्या वेगाकडे पाहू. निवांत पडलेला कुत्रा मिनिटाला वीस-तीस श्वास घेतो. धापा टाकताना हा आकडा एकदम तीनशेच्या आसपास जातो; मधल्या वेगावर तो फारसा रेंगाळत नाही. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलकासा हात लावला तरी तो उंच जातो, भलत्या वेळी ढकललं तर हात दुखतात. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसं यांनाही अशी एक स्वाभाविक लय असते, सेकंदाला साधारण पाच हेलकाव्यांची. कुत्रा नेमका त्याच लयीत धापा टाकतो. त्यामुळे स्नायूंना कमी कष्ट पडतात. तसं नसतं, तर थंड होण्याच्या खटपटीतच अंग आणखी तापलं असतं.

धापेचे श्वास उथळ असतात, तेही मुद्दाम. हवा मुख्यतः नाक, तोंड आणि श्वासनलिका यांतच ये-जा करते. इतक्या वेगानं फुप्फुसांच्या तळापर्यंत हवा खेळवली, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघेल आणि कुत्र्याला भोवळ येईल. आपण भराभर खोल श्वास घेतल्यावर डोकं हलकं होतं, तसं.

हे सगळं किती पाण्याचं काम आहे? वीस किलोचा कुत्रा घ्या. नुसता पडून राहिला तरी त्याचं शरीर तासाला साधारण 28 किलोकॅलरी उष्णता निर्माण करतं. ती सगळी वाफेवाटे घालवायची तर तासाला पन्नास मिलिलिटरच्या आसपास पाणी लागेल, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी. हिशेब सोपा वाटतो, पण हे पाणी हवेनं उचललं पाहिजे. कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या उबदार, ओल्या हवेत घनमीटरमागे साधारण 45 ग्रॅम वाफ मावते. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या हवेत आधीच दहाएक ग्रॅम असते, मुंबईच्या हवेत पंचवीसएक. म्हणजे त्याच एका घनमीटर हवेतून नागपूरचा कुत्रा 35 ग्रॅम पाणी बाहेर टाकू शकतो आणि मुंबईचा जेमतेम 20. तेवढ्याच थंडाव्यासाठी मुंबईच्या कुत्र्याला पावणेदोन पट हवा ओढावी लागते.

म्हणून नागपूरचा कुत्रा सुखात असतो असं नाही. 45 अंशांची हवा आणि तापलेला रस्ता बाहेरूनही त्याच्या अंगात उष्णता घालत असतात. त्याचा कूलर उत्तम चालतो, पण त्यावरचा भार मोठा असतो. सावली आणि भांडंभर पाणी मिळालं तर तो निभावून नेतो. मुंबईच्या कुत्र्यावर भार कमी, पण कूलर अर्धवट चाललेला. म्हणूनच 34 अंशांच्या, फारशा भीतिदायक न वाटणाऱ्या दुपारीही तिथे कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो.

हत्तीची अडचण वेगळी आहे. त्यालाही अंगभर घर्मग्रंथी नाहीत. ज्या आहेत त्या पायाच्या नखांजवळ. त्यातून त्याचा आकार आडवा येतो. तीन टनांच्या हत्तीचं वजन आपल्या वीस किलोच्या कुत्र्याच्या दीडशे पट, पण आकार वाढताना कातडी वजनाच्या मानानं कमी वाढते. ती भरते फक्त अठ्ठावीस पटींच्या आसपास. म्हणजे एक किलो शरीराला थंड करायला हत्तीकडे कुत्र्याच्या पाचव्या हिश्शाइतकीच कातडी. ही तूट काही अंशी भरून काढतात ते त्याचे कान.

आपल्याकडे गणपतीला शूर्पकर्ण म्हणतात, सुपासारख्या कानांचा. पण सूप धान्य पाखडतं आणि हत्तीचे कान रक्त निववतात. कानाची कातडी बाकी अंगाच्या मानानं फार पातळ असते आणि तिच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं दोरखंडासारखं उठून दिसतं. उकडायला लागलं की या वाहिन्या रुंदावतात, कानात जास्त रक्त येतं आणि कान हलवल्यानं त्यांना चिकटलेला गरम हवेचा थर उडून जातो. थोडं थंड झालेलं रक्त पुन्हा शरीरात परततं. गाडीचा रेडिएटर आणि त्याचा पंखा हेच करतात. आफ्रिकेच्या उघड्या, रणरणत्या माळांवर राहणाऱ्या हत्तीचे कान इतके प्रचंड, की त्यांच्या दोन्ही बाजू धरल्या तर अंगाच्या एकूण पृष्ठभागाचा सुमारे पाचवा भाग भरतो. आपल्या सावलीच्या जंगलांत वाढलेल्या हत्तीचे कान त्या मानानं लहान असतात.

या युक्तीला मर्यादा आहे, आणि ती कुत्र्याच्या मर्यादेच्या बरोबर उलटी. इथे पाण्याची वाफ होत नाही, फक्त गरम रक्ताकडून गार हवेकडे उष्णता जाते. त्यामुळे दमटपणाची फारशी अडचण नाही. पण हत्तीच्या रक्ताचं तापमान 36 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली, की कोरडा कान हलवून उलट उष्णता आत यायला लागते. गडचिरोलीत पारा 45 कडे जातो तेव्हा रेडिएटर कामाचा राहत नाही.

अशा वेळी हत्तीही पाण्याकडेच वळतो. सोंडेनं कानांवर, पाठीवर पाणी उडवतो, चिखलात लोळतो. त्याला घाम येत नाही, म्हणून तो बाहेरून उसना आणतो. आफ्रिकी हत्तीच्या कातडीवर बारीक भेगांचं जाळं असतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ही भेगाळ कातडी गुळगुळीत कातडीपेक्षा पाच ते दहा पट पाणी धरून ठेवते, आणि ते हळूहळू वाळत राहतं. डबक्यात बसलेली म्हैस आणि चिखलात लोळणारं डुक्कर याच शहाणपणाचे. नुसतं पाणी अंगावरून निथळून जातं, चिखल ते बराच वेळ धरून ठेवतो. उन्हाळ्यात चोच उघडी टाकून बसलेला कावळाही गळ्यातली ओल वाळवत असतो.

कुत्र्याला यातलं काहीच स्वतःहून करता येत नसेल, तेव्हा धोका असतो. बंद गाडी, गच्चीवर बांधलेली साखळी, तोंड मिटून टाकणारी कापडी मुसकी: तिन्हींत त्याचा कूलर बंद पडतो. आपल्या वीस किलोच्या कुत्र्याची उष्णता बाहेर जायची पूर्ण थांबली, तर पडल्या जागी त्याचं अंग तासाला दीड-पावणेदोन अंशांनी तापेल. साडेअडतीस अंश हे त्याचं नेहमीचं तापमान. 41 च्या पुढे अवयव निकामी व्हायला लागतात. म्हणजे हातात दीड तास. तोच कुत्रा जोरात धावत असेल, तर पाव तासही नाही. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत नाकातली जागाच आखडलेली असते, त्यांना याहून आधी त्रास सुरू होतो.

धापा घोगऱ्या आणि आवाज करत येऊ लागल्या, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले किंवा उलटी झाली, तर हा उष्माघात समजावा. आधी थंड करा, मग डॉक्टरांकडे न्या. सावलीत आणून अंगभर नळाचं पाणी ओता आणि पंखा लावा किंवा जोरानं वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली वाफ कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसांत जाईल. आणि एरवी फिरायला नेण्याआधी फक्त तापमानाचा आकडा पाहू नका. दोरीवरचे कपडे ज्या दिवशी वाळत नाहीत, त्या दिवशी तुमच्या कुत्र्याची जीभही वाळत नसते.