सव्वीस हजार तास

जॅकअप रिगवरच्या एका इलेक्ट्रिशियनच्या बायोडेटात अशी ओळ आहे असं समजू: 'समुद्रावरील अनुभव 6 वर्षं, 28/28 रोटेशन, अपघाताविना 26,280 तास.' नातेवाइकांना ती भारदस्त वाटेल. पण तेलक्षेत्रात भरती करणारा माणूस आधी कॅल्क्युलेटर काढेल आणि अर्ध्या मिनिटात हा बायोडेटा बाजूला ठेवेल.

28/28 म्हणजे 28 दिवस रिगवर आणि 28 दिवस घरी. एक फेरा 56 दिवसांचा, म्हणजे वर्षाला साधारण साडेसहा फेरे. त्यातून रिगवरचे दिवस निघतात सुमारे 182. रिगवर सुट्टी अशी नसतेच, रोज 12 तासांची पाळी. वर्षाचे तास झाले 2,190 आणि सहा वर्षांचे 13,140. मग 26,280 कुठून आले? आपल्या इलेक्ट्रिशियनने 365 गुणिले 12 गुणिले 6 केलं. घरी जेवून झोपलेले दिवसही त्याच्या हिशोबात अपघाताविना गेले! तो खोटं बोलत असेलच असं नाही, पण वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की ज्याला स्वतःचे तास मोजता आले नाहीत, तो जनरेटरच्या तासांची नोंद कशी ठेवत असेल.

खाडाखोड इथेच संपत नाही. क्रू चेंजच्या दिवशी हवामान बिघडून चॉपर उडालं नाही, रिलीव्हर आजारी पडला, मध्येच जहाजबांधणी यार्डात दुरुस्तीला रिग नेली, असं सगळं घडतं. म्हणून जाणकार मंडळी गोल आकडा देतात आणि त्यापुढे रिगचं नाव व महिने लिहितात. कंपनीच्या सेवापत्राशी तेच महिने ताडून पाहिले जातात.

आता दुसरी गंमत. त्याच रिगच्या जेवणघराबाहेरच्या फलकावर 26 लाख तास अपघाताविना असा आकडा असू शकतो आणि तो खराही असू शकतो. रिगवर कोणत्याही दिवशी शंभरेक माणसं धरली तर वर्षाला 4,38,000 मनुष्यतास भरतात, सहा वर्षांत 26 लाखांच्या वर. हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे: ड्रिलर, क्रेन चालक, स्वयंपाकी, रंगारी. आपल्या माणसाचा त्यातला वाटा दोनशेवा. सामूहिक आकडा बायोडेटात लिहायला हरकत नाही, फक्त तो रिगचा आहे हे स्पष्ट हवं.

आणि 'अपघात' म्हणजे तरी काय? फलकावरचा आकडा बहुधा 'एलटीआय'चा असतो. ज्या दुखापतीमुळे माणूस पुढच्या पाळीला कामावर उभा राहू शकला नाही, ती एलटीआय. बोटाला टाके पडले आणि त्याला दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून कागद लावायला सांगितलं, तर तो 'मर्यादित काम' या वेगळ्या रकान्यात जातो आणि फलकावरचा आकडा चालूच राहतो. म्हणून अनुभवी सेफ्टी ऑफिसर मोठ्या आकड्याने भारावत नाहीत. मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी डीपवॉटर होरायझन या रिगवर कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी आले होते. एलटीआयविना गेलेल्या सात वर्षांबद्दल शाबासकी देणं हाही त्या भेटीचा एक भाग होता. त्याच रात्री विहीर उसळली आणि 11 माणसं गेली. घसरून पडणं, बोट चेपणं यांचा हिशोब विहिरीतल्या दाबाबद्दल काहीच सांगत नाही.

माझ्या मते या ओळीची जागा एखाद्या खऱ्या नोंदीला द्यावी. समजा मड पंपाची मोटार दुरुस्तीला घ्यायची आहे. मुख्य ब्रेकर उघडून त्याला कुलूप-टॅग लावला, परमिट सही झालं. पण मोटार बंद असताना आत ओलावा धरू नये म्हणून एक छोटा हीटर असतो आणि त्याचा पुरवठा अनेकदा वेगळ्या पॅनेलवरून येतो. हात घालण्याआधी मीटर लावला तर तिथे व्होल्टेज सापडतं. काम थांबवलं, 'निअर मिस' कार्ड भरलं, आणि पुढे त्या परमिटच्या यादीत हीटरचा ब्रेकर जोडला गेला. बायोडेटात हे दोन ओळींत मावतं. मुलाखत घेणारा त्यावर प्रश्न विचारू शकतो, आणि ज्याने ते केलं आहे त्यालाच उत्तर देता येतं. '26 लाख तास' यावर काय विचारणार?

रिगचा प्रकार लिहिण्यामागेही असंच कारण आहे. मुंबई हायचा समुद्र साधारण 75 ते 80 मीटर खोल, म्हणून तिथे जॅकअप चालतात: तीन पाय तळाला टेकवायचे आणि सांगाडा पाण्याच्या वर उचलायचा. तिथला इलेक्ट्रिशियन पाय वर-खाली करणाऱ्या मोटारी ओळखतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात पाणी काही ठिकाणी हजार मीटरच्या पुढे जातं. तिथे ड्रिलशिप लागते. ती पाण्यावर तरंगत, प्रोपेलरसारखे थ्रस्टर सतत फिरवून एकाच जागी थांबते. तिथे वीज गेली तर फक्त अंधार होत नाही, जहाज विहिरीवरून सरकू लागतं. म्हणून ड्रिलशिपवर उच्चदाब विजेचा अनुभव आधी विचारतात. नुसतं 'ऑफशोअर रिग' लिहिणाऱ्याने यातलं काहीच सांगितलेलं नसतं.

प्रमाणपत्रांत नावाहून तारीख महत्त्वाची. समुद्रावर जाण्याआधीचं जीवरक्षणाचं मूलभूत प्रशिक्षण, ज्याला सगळे 'बोसिएट' म्हणतात, ते ओपिटोच्या मानकानुसार चार वर्षं चालतं. त्यात पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडणंही येतं. मुदत संपण्याआधी 'फोएट' ही उजळणी केली तर एका दिवसात भागतं. मुदत उलटली तर पूर्ण बोसिएट पुन्हा, आणि खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून. त्यातही उष्ण समुद्रांसाठीचा प्रकार वेगळा आहे. त्यात थंड पाण्यात घालायच्या पोशाखाचा सराव नसतो. आखाती देशांत तो चालून जाईल, उत्तर समुद्रात नाही. स्फोटक वायूच्या जागी वापरायच्या विद्युत उपकरणांचं 'कॉम्पेक्स' पाच वर्षांचं असतं. इलेक्ट्रिशियनच्या बायोडेटात ते पहिल्या पानावर असावं.

यात सगळ्यात जास्त फसगत होते ती रोटेशन आणि मुदत यांच्या जोडीत. समजा रिगवर जायचं 3 तारखेला आहे आणि बोसिएट त्याच महिन्याच्या 20 तारखेला संपतं. कागदावर प्रमाणपत्र वैध आहे. पण 28 दिवसांच्या मुक्कामात ते मध्येच मरतं, आणि बऱ्याच कंपन्या अशा माणसाला चॉपरमध्ये बसवत नाहीत. भरती करणारा म्हणूनच प्रत्येक मुदत पुढच्या क्रू चेंजच्या तारखेशी लावून पाहतो. ज्याच्या बायोडेटात 'घरी येण्याची तारीख, पुन्हा निघण्याची तारीख, त्या मधल्या दिवसांत फोएटची जागा राखून ठेवली आहे' एवढं लिहिलेलं असतं, त्याला फोन आधी जातो. (लग्नाच्या बायोडेटात मात्र हीच 28 दिवसांची ओळ अगदी शेवटी, बारीक अक्षरांत सापडते.)

आपल्या इलेक्ट्रिशियनची ओळ दुरुस्त करायची तर ती अशी होईल: 'जॅकअप रिग, सहा वर्षं, 28/28. रिगवरील काम सुमारे 13,000 तास, स्वतःला दुखापत नाही. या काळात रिगवर सुमारे 26 लाख मनुष्यतास एलटीआयविना. बोसिएटची मुदत पुढच्या दोन फेऱ्यांनंतर संपते.'