सोसायटीच्या निवडणुकीतलं दोन मिनिटांचं भाषण

"मेंटेनन्स कमी करीन," हे वाक्य भाषणाच्या कच्च्या मसुद्यातूनच खोडावं. शुल्काचा निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. समितीतला एकटा सदस्य ते घटवू शकत नाही, आणि जुन्या सभासदांना हे पक्कं ठाऊक असतं.

त्याऐवजी गच्चीची गळती घ्या. "वरच्या मजल्यावरच्या घरांत दर पावसाळ्यात पाणी झिरपतं. निवडून आलो, तर दिवाळीपर्यंत तीन कंत्राटदारांची लेखी दरपत्रकं मागवण्याचा आग्रह धरीन. ती सूचनाफलकावर लागतील आणि खर्च सभेपुढे येईल, हे पाहीन." यात काम आहे, मुदत आहे आणि शब्द पाळला की नाही, हे फलकावर कुणालाही दिसेल.

मावळत्या सचिवांवर टीका मात्र टाळा. गळतीच्या जुन्या दुरुस्त्यांचे कागद त्यांच्याकडूनच समजून घ्यायचे असतात.