फोन लागला, पण कुणी बोलत नाही

डिसेंबर २०१३. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात एका बाईच्या घरात कुणीतरी शिरलं. तिनं मोबाइलवरून ९९९ लावला आणि ती गप्प राहिली. बोललो तर त्याला कळेल, आणि फोन लागला म्हणजे तो कुठून आला हे पोलीस शोधून काढतीलच, असा तिचा समज होता. फोन एका ध्वनिमुद्रित सूचनेकडे गेला. तिनं ५५ दाबलं नाही, म्हणून लाइन कट झाली. त्यानंतर तिचा खून झाला. मारणारा तिचा पूर्वीचा जोडीदार होता.

ब्रिटनमध्ये ९९९ चा फोन आधी पोलिसांकडे जात नाही. तो दूरध्वनी कंपनीच्या ऑपरेटरकडे जातो आणि तो विचारतो, कोणती सेवा हवी? उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जात नाही. पुढची विनंती वेगळी असते: खोका, काहीतरी आवाज करा, किंवा फोनवर टकटक करा. मोबाइलवरून आलेल्या फोनवर त्यालाही प्रतिसाद नसेल, तर ५५ दाबण्याची सूचना वाजते. ५५ दाबलं की फोन पोलिसांकडे जातो, न दाबलं तर तुटतो. ५५ दाबल्यानं पत्ता सापडत नाही. फोनच्या मागे खरंच माणूस आहे, एवढंच त्यातून कळतं. हे लोकांना माहीत नव्हतं, म्हणून २०१९ मध्ये तिथल्या पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं या पद्धतीविषयी मोहीम हाती घेतली.

फोन उचलणाऱ्यानं ‘हॅलो, काय मदत हवी?’ हे एकदाच म्हणावं आणि मग ऐकावं, याला तांत्रिक कारण आहे आणि माणसाच्या जिवाशी निगडित कारणही आहे.

तांत्रिक कारण हँडसेटमध्ये असतं. समोरून आवाज आला, की तो स्पीकरमधून माइकमध्ये शिरून घुमू नये म्हणून बरेच फोन तेवढ्यापुरता आपला माइक मंद करतात. ऑपरेटर ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ म्हणत राहिला, की पलीकडची कुजबुज, दाराची कडी, दूरचा हुंदका नेमका त्याच क्षणी दबतो. शिवाय कान आपल्याच आवाजात गुंततो. उलट बाजूनं विचार केला, तर फोन जर उशीखाली किंवा पदराआड लपवलेला असेल, तर त्यातून येणारा प्रत्येक ‘हॅलो’ खोलीतल्या दुसऱ्या माणसाला ऐकू जाऊ शकतो. मदत मागणारी व्यक्ती आवाज करत नाही ती बहुधा त्याच भीतीनं. ऑपरेटरनं तो आवाज करत राहणं म्हणजे तिचं काम अवघड करणं.

एकदाच म्हणायचं तर ते नीट म्हणायला हवं. फोन जोडल्याच्या पहिल्या क्षणी बोललेल्या शब्दाचा आरंभ कधी कधी पलीकडे पोचत नाही. म्हणून अर्धा-एक सेकंद थांबून, सावकाश, संपूर्ण वाक्य बोलावं. ‘हॅलो’ एवढंच म्हणून थांबलं, तर पलीकडच्याला फोन कुठं लागला हेही कळत नाही.

आणि मग ऐकायचं काय? आधी हे ठरवायचं, की येतोय तो आवाज खोलीतला आहे की फोनचा. बोलणं थांबलं की मोबाइल बऱ्याचदा पूर्ण आवाज पाठवणं थांबवतो. लाइन मेली असं वाटू नये म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूला एक बनावट, मंद ‘सूं’ भरली जाते. ती एकसारखी असते, चढत-उतरत नाही. खोलीत मात्र काही ना काही बदलतं: भांडं वाजतं, गाडी जाते, कुणी श्वास घेतं. खिशातून चुकून लागलेल्या फोनची खूण म्हणजे पावलांच्या लयीत होणारी कापडाची घासाघीस आणि त्यामागं सुरळीत चाललेल्या गप्पा. ‘हॅलो’ ऐकूनही त्या गप्पांत खंड पडत नाही, कारण कुणाला ते ऐकूच गेलेलं नसतं.

एक फोन कल्पनेनं उभा करून पाहू. ऑपरेटर एकदा हॅलो म्हणतो, मदत विचारतो. दोन सेकंद काही नाही. मग टीव्हीचा आवाज एकदम मंद होतो. कुणीतरी तो कमी केला किंवा फोन कशाखाली तरी सरकवला. म्हणजे बोललेलं कुणाच्या तरी कानावर पडलं. आता दूरवर पुरुषाचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मग बाईचा आवाज, जरा जास्तच स्पष्ट: ‘तू दार का लावलंस? मी दुसऱ्या मजल्यावरून कुठं जाणार आहे?’ हे वाक्य नवऱ्याशी बोललेलं आहे, पण त्यातला मजला ऑपरेटरसाठी आहे. ज्याला मजला ठाऊक आहे त्याला तो कुणी सांगत नाही. इथं ऑपरेटरनं पुन्हा ‘हॅलो’ म्हटलं असतं, तर बहुधा हे वाक्य बोललंच गेलं नसतं, आणि त्याला ते ऐकूही आलं नसतं. आता तो काही न बोलता पत्त्याचे तुकडे टिपतो. फोन तुटला तर उलट फोन करण्याआधीही त्यानं विचार करायला हवा, कारण वाजणारी रिंग सगळ्या घराला ऐकू जाते.

एकदाच विचारण्याला मर्यादाही आहेत. बहिऱ्या माणसाला ‘हॅलो’ ऐकूच येत नाही. अमेरिकेत बहिरे लोक टाइप करून बोलण्याचं यंत्र फोनला जोडत. त्यांचा फोन ९११ वर शांत फोनासारखाच येई, म्हणून तिथं शांत फोन आला की टाइप केलेला प्रश्नही पाठवायची शिस्त पाडावी लागली. ज्येष्ठांना पहिलं वाक्य निसटू शकतं. तेव्हा वाट पाहिल्यावर तेच वाक्य पुन्हा म्हणण्यापेक्षा दुसरा, हालचालीनं देता येणारा प्रतिसाद मागणं बरं. ब्रिटनचं ‘खोका किंवा टकटक करा’ ते याच जातीचं.

पण ऐकत राहायला वेळ लागतो. प्लिमथ ज्यांच्या हद्दीत येतं त्या डेव्हन आणि कॉर्नवॉल पोलिसांकडे जून २०२३ मधल्या एका रविवारी मध्यरात्रीपासून संध्याकाळी सातपर्यंत १६९ शांत फोन आले. अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण पाच वेळा दाबलं की आणीबाणीचा फोन लागण्याची सोय नुकतीच सुरू झाली होती, आणि ते बटण खिशातही दाबलं जात होतं. अशा एका फोनाचा निकाल लावायला वीस मिनिटांपर्यंत जातात, असं त्या पोलिसांनी सांगितलं. दहा वर्षांपूर्वी एक खरा शांत फोन ज्या भागातून आला होता आणि निसटला होता, त्याच भागाच्या पोलिसांसमोर आता खोट्यांचा ढीग होता.

भारतातही हे घडू शकतं. २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं, किंवा स्मार्टफोनचं पॉवर बटण पटापट तीन वेळा दाबलं, की आणीबाणीचा फोन लागावा अशी सोय करणं बंधनकारक झालं. लहान मुलाच्या हातात, पर्समध्ये, लोकलच्या गर्दीत ते सहज दाबलं जातं. चुकून ११२ लागला असं लक्षात आलं, की बहुतेक जण घाबरून फोन कापतात. ब्रिटिश पोलिसांनी २०२३ मध्ये लोकांना याच्या उलट सांगितलं होतं: फोन कापू नका, लाइनवर थांबा आणि चुकून लागला असं ऑपरेटरला बोलून सांगा.