कोपऱ्यातला न थांबणारा ताण

भिंतीला लावायचा L आकाराचा लोखंडी ब्रॅकेट घ्या. आतला कोपरा अगदी काटकोनी काढलेला. संगणक या तुकड्याचे बारीक एलिमेंट पाडतो, म्हणजे त्यावर जाळी टाकतो आणि प्रत्येक घरातला ताण काढतो. कोपऱ्यात समजा 100 मेगापास्कल आले. खात्री करायला घरांचा आकार निम्मा केला, तर 137. पुन्हा निम्मा, 188. मग 258.

नवा माणूस इथे जाळी आणखी बारीक करत बसतो आणि रात्र जाते. चूक जाळीत नाहीच. रेखीय लवचिकतेच्या गणितात असा टोकदार आतला कोपरा असला की तिथला ताण अनंत असतो. एम. एल. विल्यम्स यांनी 1952 मध्ये हे दाखवलं. काटकोनी खाचेसाठी घर निम्मं केलं की आकडा दरवेळी सुमारे 37 टक्क्यांनी चढतो. वाढ अशी ठरलेल्या गुणोत्तराने होत राहिली, की ओळखावं.

आता कोपऱ्याला 2 मिलिमीटरची गोलाई द्या आणि त्या कमानीवर आधी चार, मग आठ, मग सोळा घरं बसवा. आकडे साधारण 150, 170, 178 असे येतील. फरक आटत जातो, आकडा स्थिरावतो. कारखान्यातल्या खऱ्या तुकड्याला थोडी तरी गोलाई असतेच, ती मोजून चित्रात घालावी. बाकी तुकड्याची जाळी जाडीभरडी राहिली तरी चालते, बारकाई खाचेपाशीच हवी.