नॅनोमीटरचा आकडा आणि फोनचा ताप

मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉम कंपनीने २०२२ मध्ये नकळत एक सुंदर प्रयोग करून दाखवला. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी तिने ‘स्नॅपड्रॅगन ८ जेन १’ ही आपली सर्वांत महागडी चिप जाहीर केली. ती सॅमसंगच्या कारखान्यात ४ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनत होती. त्या वर्षीच्या बहुतेक महागड्या अँड्रॉइड फोनमध्ये हीच चिप बसली आणि काही आठवड्यांतच तक्रारी सुरू झाल्या. गेम लावला की फोन तापतो, दहा-पंधरा मिनिटांनी चित्र अडखळते, बॅटरी भराभर उतरते.

सहा महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, ‘स्नॅपड्रॅगन ८ प्लस जेन १’ आली. आराखडा जवळजवळ तोच होता. कोअर तेच, ग्राफिक्सचा भागही तोच. फक्त कारखाना बदलला होता. आता ही चिप तैवानच्या टीएसएमसीमध्ये बनत होती आणि तिथल्या प्रक्रियेचे नावही ४ नॅनोमीटरच होते. कंपनीने सांगितले, की याच कामाला प्रोसेसर आणि ग्राफिक्स आता सुमारे ३० टक्के कमी वीज खातात. शिवाय मुख्य कोअरचा वेग ३ गिगाहर्ट्झवरून ३.२ वर नेला होता. ही चिप घेऊन आलेले फोन हाताला थंड लागले आणि जास्त वेळ चाललेही.

आकडा तोच, आराखडा तोच, मग फरक पडला कुठे? फोनच्या जाहिरातीतल्या नॅनोमीटरमागे काय दडले आहे, ते या प्रश्नाच्या उत्तरातून कळते.

चिप म्हणजे अब्जावधी ट्रान्झिस्टरचा समूह. प्रत्येक ट्रान्झिस्टर विजेची वाट उघडतो किंवा बंद करतो. पूर्वी नॅनोमीटरचा आकडा खरोखरच ट्रान्झिस्टरमधल्या एका भागाची लांबी सांगायचा. आता तसे राहिलेले नाही. ५ नॅनोमीटर म्हणवल्या जाणाऱ्या प्रक्रियेत दोन शेजारच्या गेटमधले अंतर सुमारे ५० नॅनोमीटर असते. म्हणजे ५, ४, ३ ही आता पिढ्यांची नावे आहेत, मोजमापे नव्हेत. ही नावे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठेवते. त्यामुळे एका कंपनीचे ४ आणि दुसरीचे ४ सारखे असतीलच असे नाही.

तरीही लहान आकड्याला अर्थ आहेच. ट्रान्झिस्टर उघडझाप करतो, तेव्हा त्याच्यातला विजेचा छोटा साठा भरतो आणि रिकामा होतो. ट्रान्झिस्टर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा लहान झाल्या की हा साठा कमी होतो. त्याहून मोठा फायदा व्होल्टेजचा. या उघडझापीत खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलते. १ व्होल्टऐवजी ०.९ व्होल्टवर काम भागले, तर व्होल्टेज फक्त १० टक्क्यांनी उतरते, पण वीज १९ टक्क्यांनी वाचते. नव्या प्रक्रियेचे ट्रान्झिस्टर कमी व्होल्टेजवरही तितक्याच वेगाने चालले, तर खरी कमाई तिथेच होते.

दुसरा खर्च गळतीचा. नळ बंद केला तरी जसे पाणी ठिबकते, तसा बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह वाहत राहतो. ट्रान्झिस्टर जसजसे लहान झाले, तसतशी ही गळती वाढत गेली. सपाट ट्रान्झिस्टरमध्ये गेट वाटेवर फक्त वरून दाब देते, म्हणून खालच्या बाजूने प्रवाह निसटतो. २०१५ ची ‘स्नॅपड्रॅगन ८१०’ चिप २० नॅनोमीटरच्या अशाच सपाट ट्रान्झिस्टरची होती. तिचे मोठे कोअर विजेला हावरे होते आणि फोन तापण्यासाठी ती बदनाम झाली. त्याच वर्षी सॅमसंगने गॅलॅक्सी एस६ मध्ये ती टाळून आपली १४ नॅनोमीटरची चिप वापरली. त्या चिपमध्ये वाट माशाच्या परासारखी उभी केलेली होती आणि गेट तिला तीन बाजूंनी धरून होते. या रचनेला फिनफेट म्हणतात. आता पुढच्या पिढीत गेट वाटेला चारही बाजूंनी वेढते. सॅमसंगने ही रचना २०२२ मध्ये ३ नॅनोमीटरला आणली. थोडक्यात, आकडा लहान होण्याइतकीच, कधी कधी त्याहून जास्त, ट्रान्झिस्टरची रचना महत्त्वाची ठरते.

या बदलाचा फायदा भारतातल्या लाखो ग्राहकांनी नाव न कळताही अनुभवला आहे. जानेवारी २०१७ मध्ये शाओमीचा रेडमी नोट ४ बाजारात आला आणि त्याने विक्रीचे उच्चांक केले. त्यात ‘स्नॅपड्रॅगन ६२५’ होती. तिच्या आधीची ‘६१७’ २८ नॅनोमीटरची, सपाट ट्रान्झिस्टरची होती. दोन्हींत एकाच जातीचे आठ छोटे कोअर. ‘६२५’ मात्र १४ नॅनोमीटरच्या फिनफेटवर बनली. तिचा वेग १.५ वरून २ गिगाहर्ट्झवर गेला आणि तरी वीज ३५ टक्क्यांपर्यंत कमी लागते, असा कंपनीचा दावा होता. ४१०० एमएएच बॅटरीच्या जोडीने तो फोन दीड-दोन दिवस चालतो, ही ख्याती तोंडोतोंडी पसरली.

इथे एक खाच आहे. नवी प्रक्रिया जाहीर करताना कारखाने दोन आकडे देतात. टीएसएमसीने ७ वरून ५ नॅनोमीटरवर जाताना सांगितले, की तेवढ्याच विजेत वेग १५ टक्के वाढेल किंवा तेवढ्याच वेगात वीज ३० टक्के वाचेल. ‘किंवा’ महत्त्वाचा. दोन्ही फायदे एकदम पूर्ण मिळत नाहीत. चिप बनवणाऱ्या कंपनीला बाजारात वेगाचे आकडे मिरवायचे असतात, म्हणून ती वाचलेली वीज पुन्हा वेगात घालते. वेग वाढवायला व्होल्टेज चढवावे लागते आणि वर्गाचा तोच नियम आता उलट बाजूने अंगावर येतो. नव्या प्रक्रियेची चिपही मग जुन्या चिपइतकीच तापते.

फरक बॅटरीत किती पडतो, ते हिशेब करून पाहू. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तासांची ऊर्जा. समजा, जोरकस गेम खेळताना फोन एकूण ६ वॅट खातो. त्यातले ४ चिपचे आणि उरलेले २ पडदा, रेडिओ वगैरेंचे. बॅटरी ३ तास १० मिनिटे पुरेल. चिपचा खर्च ३० टक्क्यांनी घटला, तर ४ चे २.८ वॅट होतील, एकूण खर्च ४.८ वर येईल आणि बॅटरी जवळपास ४ तास चालेल. पाऊण तासाहून जास्त फायदा.

आता तोच फोन फक्त व्हिडिओ दाखवतो आहे असे धरू. एकूण खर्च १.६ वॅट आणि त्यात चिपचा वाटा जेमतेम अर्धा वॅट. उरलेला बहुतेक खर्च पडद्याचा आणि नेटवर्कचा. इथे चिपने ३० टक्के बचत केली, तरी १२ तासांचे १३ तास होतात, एवढेच. पडद्याला प्रक्रियेच्या आकड्याशी देणेघेणे नाही. गावाकडे रेंज कमकुवत असेल तर रेडिओचा प्रवर्धक जादा जोर लावतो, त्यालाही नाही. म्हणूनच दिवसभर फक्त मेसेज आणि फोन करणाऱ्या माणसाला ६ आणि ४ नॅनोमीटरमधला फरक सहसा जाणवत नाही.

उष्णतेचे गणित याहून कडक आहे. चिप जेवढी वीज खाते, तेवढीच उष्णता बाहेर टाकते. दुसरीकडे जायला त्या ऊर्जेला वाट नाही. फोनमध्ये पंखा नसतो. काच आणि धातूच्या पृष्ठभागातून हवेत सतत चार-पाच वॅट गेले तरी पुष्कळ. त्यापेक्षा जास्त तयार झाली, की पाठ तापू लागते. ती साधारण ४०-४५ अंशांच्या घरात गेली, की सॉफ्टवेअर चिपचा वेग उतरवते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्यातच गळती तापमानाबरोबर वाढते, म्हणजे गरम चिप तेच काम करायला आणखी वीज मागते आणि आणखी गरम होते. खेळ सुरू झाला तेव्हा गुळगुळीत चाललेले चित्र पंधराव्या मिनिटाला अडखळते, ते यामुळे.

उष्णता बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा फोनपेक्षा थंड लागते. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला पारा ४५ वर असताना फोनची पाठ आणि हवा यांच्यात अंतरच उरत नाही. पुण्यातल्या एसी खोलीत घेतलेली चाचणी तिथे लागू पडत नाही. अॅपल आयफोनसाठी ० ते ३५ अंशांचे वातावरण सुचवते. विदर्भाचा उन्हाळा त्याच्या कितीतरी वर जातो. शिवाय सततच्या उष्णतेने लिथियम बॅटरीची क्षमता कायमची घटते. गरम चिपचे नुकसान असे दोनदा होते, एकदा त्या दिवशी आणि पुन्हा दोन वर्षांनी.

मग खरेदी करताना पाहावे काय? प्रथम चिपचे पूर्ण नाव शोधावे आणि तिची प्रक्रिया व कारखाना पाहावा. स्वस्त फोनमध्ये आजही तफावत मोठी असते. मीडियाटेकची ‘हेलिओ जी८५’ १२ नॅनोमीटरची आहे, तर ‘स्नॅपड्रॅगन ६८०’ ६ ची. सारखी बॅटरी आणि सारखा पडदा असेल, तर दुसरी चिप जोरकस कामात नक्कीच किफायतशीर पडेल. १२ आणि ६ मधले अंतर खरे असते. ५ आणि ४ मधले असेलच असे नाही, आणि ४ व ४ मध्येही असू शकते.

त्यानंतर आकडा बाजूला ठेवून सलग चाचणीचा निकाल पाहावा. ‘थ्रीडीमार्क’मधली स्ट्रेस टेस्ट एकच दृश्य २० वेळा सलग चालवते आणि सर्वांत कमी गुण सर्वांत जास्त गुणांच्या किती टक्के राहिले, ते सांगते. ९० टक्क्यांच्या पुढचा फोन दमत नाही. ६० टक्क्यांचा फोन पहिल्या काही मिनिटांपुरताच वेगवान असतो. दुकानातल्या पाच मिनिटांच्या डेमोत हे दिसणार नाही. परीक्षणात हा टक्का आणि पाठीचे तापमान दिलेले नसेल, तर गेमसाठी फोन घेणाऱ्याने ते देणारे दुसरे परीक्षण शोधावे. ज्याला फक्त फोन, मेसेज आणि व्हिडिओ हवे आहेत, त्याने नॅनोमीटरसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा मोठी बॅटरी घ्यावी.