सरासरी ५ दिवस, पण निम्म्याहून जास्त पार्सलं ३ दिवसांत : रिपोर्टमध्ये दोन आकडे का असतात?

समजा, अंबाजोगाईत एका कुरिअर कंपनीचं डिलिव्हरी सेंटर आहे. दर आठवड्याला मॅनेजरकडे रिपोर्ट जातो. या वेळी त्यात सरासरीच्या शेजारी ‘मीडियन’ नावाचा नवा कॉलम दिसला. मॅनेजरने विचारलं, हे कशाला? डेटा ॲनालिस्टने दिलेलं उत्तर साधारण असं असेल:

“सर, गेल्या आठवड्यातली ९ पार्सलं उदाहरणाला घेऊ. ती पोहोचायला लागलेले दिवस असे: २, २, ३, ३, ३, ४, ४, ५, १९.

बेरीज ४५, भागिले ९, म्हणजे सरासरी ५ दिवस. पण नीट बघा, ९ पैकी ७ पार्सलं ५ दिवसांच्या आतच पोहोचली आहेत. सरासरी वाढवली ती एकट्या १९ दिवसांच्या पार्सलने. पिनकोड चुकल्यामुळे ते दुसऱ्याच हबला गेलं आणि फिरून आलं.

मीडियन म्हणजे आपण शाळेत शिकलो तो मध्यक. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोबर मधला घ्यायचा. इथे पाचवा आकडा ३ आहे. म्हणजे निदान निम्म्या ग्राहकांना ३ दिवसांत पार्सल मिळालं. शीटमध्ये दोन्ही असे निघतात:

```
=AVERAGE(B2:B10)
=MEDIAN(B2:B10)
```

मग सरासरी काढूनच टाकू का? नको. उद्या ते १९ दिवसांचं पार्सल ४० दिवसांनी पोहोचलं तरी मीडियन ३च राहील. सरासरी मात्र ७ च्या पुढे जाईल. नेहमीच्या ग्राहकाला किती दिवस लागतात हे मीडियन सांगतो. कुठेतरी काहीतरी जास्तच अडकलंय, हे सरासरी सांगते. दोघांतलं अंतर वाढलं, की सगळ्यात उशिरा पोहोचलेल्या पार्सलांची यादी उघडायची.

अजून एक गोष्ट. रिपोर्ट काढताना ते १९ दिवसांचं पार्सल वाटेतच असतं, तर ते हिशोबात आलंच नसतं. उरलेल्या ८ पार्सलांची सरासरी ३.२५ दिवस दिसली असती. काम सुधारल्यासारखं वाटलं असतं, पण खरं तर सगळ्यात वाईट पार्सल मोजलंच गेलं नसतं. म्हणून न पोहोचलेल्या पार्सलांची संख्या तिसऱ्या कॉलममध्ये दिली आहे.”

हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशोब कुठल्याही सेंटरला लागू होतो. मॅनेजरने फक्त सरासरी बघितली असती, तर रोज वेळेत पार्सल पोहोचवणाऱ्या डिलिव्हरी बॉयलाच ‘जोरात पळ’ म्हणून सांगितलं असतं. खरी अडचण होती चुकलेल्या पिनकोडची.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ‘आमची सरासरी डिलिव्हरी इतक्या दिवसांत’ असं सांगितलं, तर दोन गोष्टी विचारा. मीडियन किती? आणि अजून न पोहोचलेली पार्सलं किती?